या 'वार'ची तारीख कोणती?

नमस्कार. विषयाचं नाव आयोजकांनी भलतंच भारदस्त छापलंय, पण बोलायचंय ते व्हॅल्यू अॅट रिस्कबद्दल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव दिवशी तोटा ज्याच्या आत राहावा त्या आकड्याबद्दल. आमच्या धंद्यात त्याला सगळे 'वार' म्हणतात. मराठी माणसाला यात दोन अर्थ फुकट मिळतात. वार म्हणजे घाव, आणि वार म्हणजे सोमवार-मंगळवार. माझं आजचं सगळं भाषण या दुसऱ्या अर्थावर उभं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शेवटी एक्स्पेक्टेड शॉर्टफॉलकडे वळायचंय, त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. (हसू नका, खरंच ठेवली आहेत.)

आपल्यातल्या बहुतेकांना हिस्टॉरिकल सिम्युलेशनची रीत माहीत आहे, तरी एकदा उजळणी करू. आजचा पोर्टफोलिओ घ्यायचा. मागच्या 250 किंवा 500 दिवसांचे दैनंदिन परतावे घ्यायचे. आणि विचारायचं, त्या-त्या दिवशी बाजार जसा हलला तसाच उद्या हलला, तर आज माझ्या हातात जे आहे त्याचं काय होईल? 500 दिवस, म्हणजे 500 काल्पनिक 'उद्या'. त्यांचे नफे-तोटे काढायचे आणि सगळ्यात मोठ्या तोट्यापासून खाली रांगेत लावायचे. 500 चा एक टक्का म्हणजे 5. पाचव्या क्रमांकाचा तोटा हा 99 टक्के पातळीवरचा एका दिवसाचा वार. कोणी सहावा घेतं, कोणी दोघांच्या मधला. त्यावर भांडणारे लोक मी पाहिलेत, आपण नको भांडायला.

इथे ना सिग्मा, ना घंटेच्या आकाराचा वक्र. जे घडलं तेच पुन्हा घडेल, एवढंच गृहीतक. म्हणूनच ही पद्धत वरिष्ठांना पटकन पटते.

दोन चुका मात्र मी इतक्यांदा पाहिल्यात की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली, परताव्याऐवजी किमतीतला फरक घेणं. एखादा शेअर तेव्हा 100 वर होता आणि 5 नं पडला. आज तो 400 वर आहे. मग त्या दिवसाची आजची पडझड 20 ची, 5 ची नव्हे. दुसरी चूक जास्त लबाड आहे. ट्रेडिंग डेस्कनं मागच्या वर्षी प्रत्यक्ष कमावलेला-गमावलेला आकडा रोजच्या रोज लिहिलेला असतोच, तोच रांगेत लावायचा. दिसायला तेच दिसतं, पण तो तेव्हाच्या पोर्टफोलिओचा इतिहास झाला. सहा महिन्यांपूर्वी डेस्ककडे काहीच नव्हतं तर तो इतिहास अगदी शांत दिसणार. बाजाराचा इतिहास हवा आणि माल आजचा हवा.

आता माझी आवडती गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी कृपया शेजाऱ्याला शेवट सांगू नये.

मी एका ठिकाणी जोखीम विभागात होतो. ठिकाण कोणतं ते राहू द्या. तिथे 250 दिवसांची खिडकी होती आणि तिसऱ्या क्रमांकाचा तोटा वार म्हणून घ्यायची रीत होती. डेस्कला दिलेल्या भांडवलाच्या 4.5 टक्के ही वारची मर्यादा. जवळजवळ वर्षभरापूर्वी बाजारात एकच आठवडा वाईट गेला होता. रांगेतले पहिले तीन तोटे त्याच आठवड्यातले: 5.2, 4.7 आणि 4.4 टक्के. चौथा एकदम 2.6. म्हणजे वार 4.4, मर्यादेला टेकलेला, आणि डेस्कवरचे लोक रोज सकाळी आमच्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू आम्हीच त्यांची मालमत्ता जप्त केली आहे.

एका सकाळी अहवाल उघडला आणि वार 2.6. रात्रीत चाळीस टक्क्यांनी खाली! पोर्टफोलिओ तोच होता, बाजारही आदल्या दिवशी हललाच नव्हता. मला वाटलं फाइल अर्धीच आली. किमती तपासल्या, पोझिशन्स तपासल्या, चहा गार झाला. मग रांगच उघडली. वाईट आठवड्याचा पहिला दिवस 251वा झाला होता आणि खिडकीबाहेर पडला होता. तीनातला एक गेला, म्हणून तिसऱ्या क्रमांकावर आला 2.6 वाला. बस्स, एवढंच. एखाद्यानं वर्षापूर्वी पाय मोडून घ्यावा आणि आज वाढदिवसानंतर डॉक्टरांनी म्हणावं, आता तुमचा पाय कधी मोडलाच नव्हता.

मी वर जाऊन हे सांगितलं. उत्तर मिळालं, "पद्धत मंजूर आहे ना? मग आकडा तो आकडा." वर शाबासकी मिळाली, जोखीम कमी केल्याबद्दल! माझ्या उभ्या नोकरीतली ती एकमेव लेखी शाबासकी. डेस्कनं हिशेब मांडला, 2.6 गुणिले 1.7 म्हणजे 4.42, मर्यादेच्या आत. पोझिशन्स 1.7 पट झाल्या. काही आठवड्यांनी एक दिवस असा आला की जुन्या आकाराच्या पोर्टफोलिओला 3.1 टक्क्यांचा तोटा झाला असता. आधीच्या 4.4 पुढे तो दिवस कोणाच्या लक्षातही आला नसता. नव्या आकारात तो झाला जवळजवळ 5.3.

याला आमच्यात भुताचा खेळ म्हणतात. वाईट दिवस खिडकीत असेतोवर भूत घरात, आणि एके दिवशी कोणी मंत्र न म्हणता ते निघून जातं. वार वर जातानाही असंच होतं, पण सावकाश. बाजार खवळला तरी पहिल्या दिवशी रांगेत एकच नवा आकडा शिरतो.

म्हणून माझं लाडकं म्हणणं ऐका. आपण म्हणतो की वार 250 दिवसांवरून काढला. खरं तर तो एका दिवसावरून काढलेला असतो. बाकीचे 249 फक्त त्याला रांगेत कुठे उभं करायचं ते ठरवतात. तो दिवस कधीचा, त्या दिवशी काय हललं होतं, व्याजदर की चलन, हे विचारता येतं आणि पाच मिनिटांत कळतं. वार सांगितला की मी विचारतो, तारीख?

जाता जाता एक. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स एका दिवसात 22.6 टक्के पडला. त्या दिवशी ज्यानं निर्देशांक शॉर्ट केला होता त्याला प्रचंड नफा झाला. त्याची रांग लावली तर तो दिवस नफ्याच्या टोकाला जाऊन बसतो आणि तोट्याचं टोक जागचं हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हिस्टॉरिकल सिम्युलेशनचा वार आदल्या दिवसाइतकाच! बाजाराला आग लागली आहे आणि याचा आकडा म्हणतो की सगळं ठीक. मोठी पडझड ही दोन्ही बाजूंना जोखीम वाढल्याची खूण असते, पण रांगेला ते कळत नाही. प्रत्येक परताव्याला ताज्या चंचलतेनं गुणून आणि त्या वेळच्या चंचलतेनं भागून मग रांग लावायची, हा त्यावरचा उपाय, आणि तो...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे राखून ठेवलेल्या वीसांतली दहा भुतानं खाल्ली. आता झरझर जाऊ.

एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल, म्हणजे वारच्या पलीकडची सरासरी. 500 दिवस आहेत, वार पाचव्या क्रमांकावर आहे, तर पहिल्या पाचांची सरासरी काढा. दोन पोर्टफोलिओ समजा. पहिल्याचे पाच तोटे 6.8, 4.1, 3.5, 3.2, 2.9. दुसऱ्यानं ऑप्शन विकलेले आहेत, त्याचे 19, 7.5, 3.6, 3, 2.9. वार दोघांचाही 2.9. शॉर्टफॉल पहिल्याचा 4.1 आणि दुसऱ्याचा 7.2. वार तुम्हाला दारापर्यंत नेतो, दारापलीकडे विहीर आहे की पायरी ते सांगत नाही. त्यामुळेच वारची मर्यादा सांभाळून शेपटीत हवा तेवढा तोटा लपवता येतो, आणि ऑप्शन विकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

दुसरा फरक बेरजेचा. दोन पोर्टफोलिओंना प्रत्येकी चार दिवस 10 लाखांचा तोटा आहे, पण दिवस वेगवेगळे आहेत, आणि पाचवा तोटा अर्धा लाख. प्रत्येकाचा वार 0.5. दोन्ही एकत्र केले की वाईट दिवस आठ, आणि पाचवा तोटा जवळजवळ 10. एकत्र केल्यावर जोखीम सुट्या बेरजेपेक्षा वाढली! शॉर्टफॉल प्रत्येकी 8.1, एकत्र साधारण 10, म्हणजे 16.2 च्या आतच. एका दमात सांगितलं, घरी जाऊन कागदावर करा.

म्हणूनच बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बासेल समितीनं बाजार जोखमीच्या नव्या नियमांत 99 टक्के वार सोडून 97.5 टक्के शॉर्टफॉल धरला. पातळी खाली आणली म्हणून सवलत समजू नका. वितरण नॉर्मल असेल तर 99 चा वार 2.33 सिग्मा आणि 97.5 चा शॉर्टफॉल 2.34, जवळजवळ सारखेच. शेपटी जाड असली की शॉर्टफॉल पुढे जातो. पण मागे वळून तपासणी करताना समितीनं वारच ठेवलाय, कारण तो मोजणं सोपं आहे: 250 दिवसांत तोटा किती वेळा वारपलीकडे गेला? चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा, दहापासून लाल. सरासरी चुकली हे पाच-सहा दिवसांवरून कसं ठरवायचं?

आणि भूत? शॉर्टफॉल भुताला घाबरत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मघाच्या पहिल्या पोर्टफोलिओतला 6.8 वाला दिवस खिडकीबाहेर गेला आणि सहावा तोटा 2.8 असला, तर वार 2.9 वरून 2.8. शॉर्टफॉल 4.1 वरून थेट 3.3. सर्वांत वाईट दिवस त्याच्या अंगावर जास्त बसतो, म्हणून गेल्यावर तो जास्त हलका होतो. आणि खिडकीत जे घडलंच नाही ते दोघांनाही दिसत नाही.

हो, विचारा... अहवालात कोणता आकडा छापायचा? दोन्ही छापा, आणि शेजारी त्या पाचही दिवसांच्या तारखा. आमच्याकडे तो स्तंभ यायला तीन वर्षं लागली. परवानगी देताना वरिष्ठ एवढंच म्हणाले, "छापा, पण अक्षर फिकट ठेवा, लोक प्रश्न विचारतात."