मॅरेथॉनच्या लढाईचं एक वर्ष कुठे गेलं?

मंडळी, ३१ ऑक्टोबर २०१० रोजी अथेन्समध्ये झालेली मॅरेथॉन शर्यत दरवर्षीसारखी नव्हती. ग्रीक आणि पर्शियन फौजांमधल्या मॅरेथॉनच्या लढाईला २५०० वर्षं झाली म्हणून ती मोठ्या थाटात झाली. ग्रीसने त्याच निमित्ताने दोन युरोचं एक खास नाणंही काढलं. लढाई इसवी सनपूर्व ४९० मधली. ४९० आणि २०१० मिळवले की २५००. बेरजेत काही खोट नाही. तरीही त्या दिवशी लढाईला २५०० वर्षं पुरी झालेली नव्हती, २४९९च झाली होती.

पटत नसेल तर बोटांवर मोजू. लढाई उन्हाळ्याच्या अखेरीस झाली; नेमक्या दिवसावर वाद आहेत, म्हणून आपण सप्टेंबर धरू. सनपूर्व ४९० च्या सप्टेंबरपासून सनपूर्व १ च्या सप्टेंबरपर्यंत ४८९ वर्षं होतात. आता पुढचा सप्टेंबर कोणता? तो थेट इसवी सन १ चा. मध्ये दुसरं कुठलंच वर्ष नाही. म्हणजे आणखी एक वर्ष, एकूण ४९०. इसवी सन १ च्या सप्टेंबरपासून २०१० च्या सप्टेंबरपर्यंत २००९. आता ४९० आणि २००९ मिळवा. उत्तर २४९९. खरी २५०० वर्षं २०११ मध्ये भरली.

एखाद्या इमारतीला तळमजलाच नाही असं समजा. पहिल्या मजल्यावरून एक जिना उतरलात की थेट पहिल्या तळघरात. मग तिसऱ्या तळघरातून तिसऱ्या मजल्यावर जायला किती जिने? तीन आणि तीन सहा नव्हे, पाच. सनपूर्व आणि सनोत्तर आकड्यांची सरळ बेरीज करणारा माणूस नसलेल्या तळमजल्याचा जिना मोजतो.

हा तळमजला बांधायचा राहिला कसा? सहाव्या शतकात रोममध्ये डायोनिसियस एक्झिगुअस नावाचा भिक्षू होता. त्याने ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांचं कोष्टक तयार केलं. तोपर्यंतच्या कोष्टकांत वर्षं रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून मोजत. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, त्यामुळे त्याच्या नावाने ईस्टरची वर्षं मोजणं डायोनिसियसला नको होतं. आधीचं कोष्टक डायोक्लेशियनच्या २४७ व्या वर्षापाशी संपत होतं. त्याच्या पुढच्या वर्षाला याने २४८ न म्हणता ख्रिस्तजन्मापासूनचं ५३२ म्हटलं. इसवी सन सुरू झाला तो असा, एका कोष्टकाच्या रकान्यात.

त्या काळी युरोपात शून्य माहीत नव्हतं, म्हणून शून्य वर्ष राहून गेलं, असं नेहमी सांगतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. डायोनिसियसच्याच कोष्टकात चंद्राचं वय दाखवणारा एक रकाना आहे आणि त्यात ५३२ सालापुढे ‘नुल्ला’, म्हणजे ‘काही नाही’, असं लिहिलेलं आहे. ‘काही नाही’ हे मोजमाप होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं. पण वर्षाचा आकडा हे त्याच्या लेखी मोजमाप नव्हतंच, तो क्रमांक होता. राजाच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तसं हे पाचशे बत्तिसावं वर्ष. अशा मोजणीत शून्याव्या वर्षाला जागाच नसते, मग शून्य माहीत असो वा नसो. इसवी सनाच्या आधीची वर्षं उलटी मोजायची पद्धत तर नंतर आली. तीही त्याच धर्तीवर: आधीचं पहिलं वर्ष, आधीचं दुसरं वर्ष. दोन्ही बाजू एकपासून सुरू झाल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

हे सगळं कागदावरचं गणित आहे, त्याला पुरावा काय, असं कोणी विचारेल. पुरावा आहे आणि तो फार देखणा आहे. रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म २३ सप्टेंबर, सनपूर्व ६३. मृत्यू १९ ऑगस्ट, इसवी सन १४. सरळ बेरीज केली तर ६३ आणि १४ मिळून ७७. वाढदिवस पाच आठवड्यांवर होता, म्हणजे वय ७६ पूर्ण. पण रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ऑगस्टस ७६ वर्षांना ३५ दिवस कमी असताना गेला. म्हणजे पूर्ण झालेली वर्षं ७५. १९ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर हे ३५ दिवस बरोबर जुळतात, आणि वर्षांचा हिशेब जुळतो तो मधलं शून्य वर्ष वगळलं तरच. सुएटोनियसच्या वेळी इसवी सन हा प्रकारच अस्तित्वात नव्हता, त्यामुळे त्याने आपल्या सोयीसाठी आकडा फिरवला असं म्हणायची सोय नाही.

आता शतकाकडे येतो, कारण मूळ तेच आहे. वर्षाचा आकडा क्रमांक असेल तर पहिलं शतक वर्ष १ पासून सुरू होऊन वर्ष १०० च्या अखेरीस संपतं. दुसरं १०१ पासून. असंच पुढे गेलं की १९०० हे एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं वर्ष ठरतं आणि २००० हे विसाव्याचं. तोंडी करायचं तर वर्षातून एक वजा करा, शेवटचे दोन अंक सोडून द्या, उरलेल्यात एक मिळवा. १९०० चे झाले १८९९, उरले १८, शतक एकोणिसावं. १९०१ चे १९००, उरले १९, शतक विसावं. सनपूर्व वर्षांनाही हीच रीत चालते. ४९० चे ४८९, उरले ४, म्हणजे सनपूर्व पाचवं शतक. फक्त तिथे शतक ५०० ला सुरू होतं आणि ४०१ ला संपतं, हे ध्यानात ठेवावं लागतं. सनपूर्व ४९० हे त्या शतकाच्या सुरुवातीचं वर्ष आहे, अखेरचं नव्हे. इथे चांगले चांगले लोक घसरतात.

हा वाद प्रत्येक शतकाच्या वळणावर होत आला आहे. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने तर विसावं शतक १ जानेवारी १९०० लाच सुरू झाल्याचं ठरवून टाकलं; बाकी बहुतेक देशांनी १९०१ ची वाट पाहिली. १९९९ च्या ३१ डिसेंबरला मात्र सगळं जग विल्हेल्मच्या बाजूला गेलं. त्या लोकांना मी सरसकट चूक म्हणणार नाही. चारही अंक एकदम बदलणं ही साजरी करण्याजोगी गोष्ट आहेच. ‘एकोणीसशेची वर्षं’ म्हणून १९०० ते १९९९ असा गट करायलाही हरकत नाही. त्या गटाला ‘विसावं शतक’ हे नाव दिलं की घोटाळा सुरू होतो.

शताब्द्यांकडे परत येऊ. दोन्ही तारखा इसवी सनातल्या असतील तर शून्य वर्षाचा प्रश्नच येत नाही, साधी वजाबाकी पुरते. ऑगस्टसच्या मृत्यूला २०१४ मध्ये २००० वर्षं झाली, त्यात काही गोम नाही. तरीही तिथे एका वर्षाचा फरक पडू शकतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे: आपण शंभरावं वर्ष लागणं साजरं करतोय की शंभर वर्षं पूर्ण होणं? ९९ वर्षं संपली की शंभरावं लागतं. इटलीने ऑगस्टसच्या जन्माची द्विसहस्राब्दी केली तेव्हा हे चोख पाळलं. रोममधलं मोठं प्रदर्शन २३ सप्टेंबर १९३७ ला उघडलं आणि त्याची मुदत २३ सप्टेंबर १९३८ पर्यंत ठरवली होती. सनपूर्व ६३ ते सनपूर्व १ ही ६२ वर्षं, पुढे इसवी सन १ पर्यंत एक, तिथून १९३८ पर्यंत १९३७. बेरीज २०००. दोन हजारावं वर्ष पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. त्याच इटलीने कवी व्हर्जिलची द्विसहस्राब्दी १९३० मध्ये केली होती. त्याचा जन्म १५ ऑक्टोबर, सनपूर्व ७० चा. तो दिवस १९३० मध्ये उजाडला तेव्हा १९९९ वर्षं पुरी झाली होती आणि दोन हजारावं नुकतं लागत होतं. समारंभ वर्ष लागल्याचा होता असं म्हटलं तर तो निभावतो. जन्माला दोन हजार वर्षं झाली म्हणून होता, तर तो वर्षभर आधी झाला.

वार्षिक कार्यक्रमांत तर दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी नांदतात. बोस्टनची मॅरेथॉन पहिल्यांदा १८९७ मध्ये धावली गेली आणि शंभरावी १९९६ मध्ये. पहिल्या शर्यतीला तेव्हा ९९ वर्षं झाली होती. दोन्ही विधानं खरी आहेत, कारण शर्यती मोजताना पहिलीच धरली जाते आणि वर्षं मोजताना दोन शर्यतींमधलं अंतर. म्हणून फलकावर ‘शंभरावी’ लिहायचं की ‘शंभर वर्षं’, हे फलक रंगवायच्या आधी ठरवावं.

अथेन्सच्या नाण्याला असा बचाव नाही. बरं, ती चूक एकदाच झाली असंही नाही. थर्मोपायलेची लढाई सनपूर्व ४८० ची. तिचं २५०० वर्षांचं नाणं ग्रीसने २०२० मध्ये काढलं. वर्षं भरली २०२१ ला.

खगोलशास्त्रज्ञांनी या कटकटीतून कधीच सुटका करून घेतली आहे. झाक कासिनीने १७४० मध्ये आपल्या कोष्टकांत शून्य वर्ष सरळ घालून टाकलं. त्या पद्धतीत सनपूर्व १ म्हणजे ०, सनपूर्व २ म्हणजे उणे १, आणि सनपूर्व ४९० म्हणजे उणे ४८९. मग वजाबाकी आपोआप बरोबर येते: २०१० मधून उणे ४८९ वजा केले की २४९९. आजचं आंतरराष्ट्रीय तारीखमानक, आयएसओ ८६०१, हेच धरतं. त्यात 0000 म्हणजे सनपूर्व १.

पण यातून नवा खड्डा तयार झाला. संगणकातली माहिती कशी लिहायची याचे नियम ठरवणाऱ्या एक्सएमएल स्कीमा या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत 0000 हे वर्ष चालत नसे, त्यामुळे -0001 चा अर्थ सनपूर्व १ होता. १.१ आवृत्तीत 0000 आलं आणि तेच -0001 सनपूर्व २ झालं. म्हणून कुठल्याही यादीत उणे वर्षं दिसली की आधी ती कोणत्या पद्धतीची आहेत ते पाहावं. मी एक ठरलेली घटना शोधतो: ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसच्या नावाशी जोडलं गेलेलं सूर्यग्रहण, २८ मे, सनपूर्व ५८५. नासाच्या ग्रहणसूचीत ते -0584 खाली सापडतं, म्हणजे तिथे शून्य वर्ष आहे. तुमच्या यादीत ते -585 असेल, तर त्या यादीला तळमजला नाही, आणि सनाच्या अलीकडे-पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक वजाबाकीतून एक वर्ष तुम्हालाच कमी करावं लागेल.