एकच माणूस, तीन स्पेलिंगं

(परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी वकील आहे, पण माझ्या टेबलावर कोर्टाच्या कागदांपेक्षा नावांचे कागद जास्त असतात. येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं, "साहेब, एक प्रतिज्ञापत्र करून द्या, एवढंच हवंय." प्रतिज्ञापत्र मी देतो. पण त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे आज जरा सावकाश सांगतो.

एक उदाहरण घेऊ. मुलगी काल्पनिक, कागद मात्र रोज दिसणारे. तिचं नाव ज्ञानेश्वरी पांडुरंग क्षीरसागर. दहावीच्या प्रमाणपत्रावर KSHIRSAGAR DNYANESHWARI PANDURANG, कारण आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं. आधार आणि पदवीच्या कागदांवर स्पेलिंग हेच. पासपोर्ट काढताना अर्ज भरणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं, GYANESHWARI. आणि बँकेत, शाळेत असताना उघडलेल्या खात्यावर, DNANESHWARI P KSHIRSAGAR.

आपल्याला हे सगळे कागद एकाच मुलीचे दिसतात, कारण आपण मनातल्या मनात ते देवनागरीत वाचतो. संगणकाजवळ देवनागरी नसते, त्याच्याजवळ अक्षरांची रांग असते. म्हणून आधी फरक कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. ज्ञानेश्वरीच्या कागदांत तीन प्रकार आहेत.

पहिला क्रमाचा. आडनाव आधी की नंतर, याने सहसा काही बिघडत नाही, फक्त अर्जात कुठला शब्द आडनावाच्या रकान्यात टाकायचा हे चुकलं नाही पाहिजे. दुसरा आद्याक्षराचा. P आणि PANDURANG. माणूस समजून घेतो, पण खातं पडताळणारी यंत्रणा दोन्ही नावं किती जुळतात याचा गुण काढते आणि गुण ठरलेल्या मर्यादेखाली गेला की अर्ज बाजूला पडतो. तिसरा अक्षरांचा. DNYA आणि GYA. इथे पहिलंच अक्षर वेगळं, म्हणजे वर्णानुक्रमाने शोधलं तर ही मुलगी दुसऱ्याच पानावर सापडेल. खरी अडचण ही. आणि मराठी माणसाला ती जास्त भोवते, कारण आपण 'ज्ञ' द्न्य असा उच्चारतो, तर हिंदी भागातला माणूस ग्य. क्षीरसागरचं KSHIRSAGAR आणि KSHEERSAGAR, लक्ष्मीचं LAXMI आणि LAKSHMI, चौधरीचं CHAUDHARI आणि CHOUDHARY, असं तर घरोघरी चालतं. एकाच घरात दोन भावांची आडनावं वेगळी लिहिलेली असतात, आणि कुणाच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

आता नाकारणी होते कुठे? समजा ज्ञानेश्वरीने इंग्रजीची परीक्षा दिली. परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो, त्यामुळे निकालावर GYANESHWARI छापलं जाणार. गुणपत्रिका DNYANESHWARI च्या नावाने. पदव्यांची तुलना करणारी संस्था दोन्ही शेजारी ठेवून विचारणार, ही मुलगी तीच कशावरून? बँकेचा शिक्षण कर्ज विभाग कर्जाची कागदपत्रं पासपोर्टवरून बनवणार आणि खातं जुन्या स्पेलिंगचं निघणार. समोरचा अधिकारी दुष्ट नसतो. तो फक्त स्वतःच्या सहीने "ही तीच" असं म्हणायला तयार नसतो, कारण उद्या चूक निघाली तर जबाबदारी त्याची.

पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, त्या यंत्र वाचतं. दुरुस्तीनंतर वरची ओळ अशी दिसायला हवी:

```
P<INDKSHIRSAGAR<<DNYANESHWARI<PANDURANG<<<<<
```

ही ओळ ४४ जागांची. सुरुवातीच्या ५ जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांना जातात, नावाला ३९ उरतात. दोन चिन्हं एकत्र आली की आडनाव संपलं, एक चिन्ह म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा. यात P अशा एका आद्याक्षराला फारसा अर्थ नाही, म्हणून पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षरं न लिहिता पूर्ण नाव लिहावं लागतं. काही जण संपूर्ण नाव Given Name मध्ये टाकून Surname रिकामं ठेवतात. तसं करू नका. २०२२ च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. ज्यांच्या पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव होतं, त्यांना मुभा मिळाली. विमानतळावर हे कळायला नको.

आता उपाय. बहुतेक घरी जो कागद सोपा वाटतो तो आधी बदलला जातो, आणि तो म्हणजे आधार. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तिसऱ्या वेळेला अपवाद म्हणून स्वतंत्र विनंती करावी लागते. मुलाचं चुकीचं स्पेलिंग आधारमध्ये आणण्यात एक संधी गेली, परत बरोबर करण्यात दुसरी. म्हणून आधी ठरवा, मूळ कागद कोणता. तो बदलायला सर्वांत अवघड असतो, आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा तो दहावीचा असतो, कारण पुढच्या सगळ्या शैक्षणिक कागदांवरचं नाव त्यावरूनच गेलेलं असतं. पासपोर्टवर आधीच परदेशातली पदवी आणि नोकरी उभी राहिली असेल तर हिशेब उलटा होतो, तेव्हा पासपोर्ट मूळ मानून बाकीचे बदलावे लागतात.

ज्ञानेश्वरीचं प्रकरण सरळ आहे. दहावी, आधार, पदवी तिन्ही एक, पासपोर्ट आणि बँक चुकीची. आधी पासपोर्ट. ऑनलाइन अर्जात Re-issue of Passport निवडायचं आणि कारण Change in Existing Personal Particulars. सोबत दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार. पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते, वेळ हाताशी ठेवा. नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा येतो, आणि इथेच लोक फसतात. परीक्षेला जुना क्रमांक दिलेला असतो, विद्यापीठाच्या अर्जात जुना, नंतर पासपोर्ट बदलतो आणि नवा गोंधळ सुरू होतो. म्हणून पासपोर्टची दुरुस्ती परीक्षेच्या नोंदणीआधी. बँकेत मात्र फार धावपळ नाही. शाखेत केवायसी अद्ययावत करण्याचा अर्ज, सोबत दुरुस्त पासपोर्ट किंवा आधार. चेकबुक नव्या नावाचं मागून घ्या आणि पॅनवरचं नाव त्याच वेळी तपासा.

आता प्रतिज्ञापत्र. "मी आणि अमुक एकच व्यक्ती" हे लिहून दिल्याने कोणत्याही नोंदीतलं अक्षर बदलत नाही. ते फक्त खुलासा असतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे समोरचा ठरवतो. मुदत जवळ आली असेल तर तात्पुरता आधार म्हणून चालून जातं. नंतर मूळ कागद दुरुस्त केला नाही तर पुढच्या कार्यालयात तेच पुन्हा.

दुसरा मोठा गैरसमज राजपत्राचा. चुकीचं स्पेलिंग आणि बदललेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. कारकुनाची चूक असेल तर दुरुस्ती, तिला मूळ नोंदीचा पुरावा पुरतो. तुम्हाला नावच वेगळं हवं असेल तर बदल, आणि मग महाराष्ट्र शासन राजपत्र लागू शकतं, पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती असाही मार्ग असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांविषयीच्या खटल्यात साधारण हाच भेद मानला: शाळेच्या नोंदीशी किंवा सार्वजनिक दस्तऐवजांशी जुळवून घेण्याची दुरुस्ती एक, आणि त्यांचा आधार नसलेला बदल दुसरा. दुसऱ्यासाठी बोर्ड न्यायालयाची परवानगी मागू शकतं. राजपत्र करायचंच असेल तर जुन्या नावाच्या रकान्यात चुकीच्या कागदावर जसं आहे तसंच, प्रत्येक अक्षर घालून लिहा. तिथे अक्षर सुटलं तर तो कागद या जाहिरातीशी जोडलाच जात नाही, आणि जाहिरातीची दुसरी फी भरावी लागते.

दहावीचंच प्रमाणपत्र चुकलं असेल तर? शाळेकडे जा, बोर्डाकडे थेट नको. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते आधी पाहा. रजिस्टर बरोबर आणि बोर्डाचा कागद चूक, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. रजिस्टरच चूक असेल तर जन्मदाखल्यापासून सुरुवात. रजिस्टरात बदल कधी करता येतो हे माध्यमिक शाळा संहितेत आहे, आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर शाळा तो करायला कचरते. म्हणून दहावीच्या परीक्षेआधी शाळेत येणारी नावं तपासायची यादी, म्हणजे प्री-लिस्ट, मुलाने पाहिली असं गृहीत धरू नका. मुलगा स्वतःचं नाव वाचत नाही, सही करतो आणि पळतो.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे, लग्नानंतरचं नाव कुठे कुठे बदलायचं? लग्न झालं म्हणून पासपोर्ट बदलायलाच हवा असं नाही. मात्र एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं, असं ठेवू नका. बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा केवायसी निर्देश सोपा आहे. ओळखीचा कागद जुन्या नावाचा असला, पण नाव नंतर बदलल्याचं राज्य शासनाच्या विवाह प्रमाणपत्राने किंवा राजपत्राने दाखवता आलं, तर तो ग्राह्य धरला जातो. शाखेत नाही म्हणाले तर हा निर्देश दाखवा.

आणि ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. म्हणजे थोरल्याचं नाव तीन शब्दांचं आणि धाकटीचं चार शब्दांचं. धाकटीच्या पासपोर्टचा अर्ज थोरल्याचा पासपोर्ट समोर ठेवून भरू नका. तिच्या जन्मदाखल्यावर जे लिहिलंय तेच लिहा, आणि आईच्या नावाचं स्पेलिंग आईच्या आधारवर आहे तसं आहे ना, ते नोंदणीच्या दिवशीच पाहून घ्या.