सूर्याचा सूर ऐकायचा तर रात्र आडवी येते

[हातात माठ, त्यावर टिचकी]

उन्हाळ्यात माठ घेताना आपण हेच करतो ना? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. आत डोकवायची गरज नाही. सूर्याचं पोटही असंच आवाजावरून ओळखतात. फरक एवढाच की तिथे टिचकी मारायला कोणी जात नाही. सूर्याचा बाहेरचा थर भाताच्या आधणासारखा सतत उकळत असतो आणि त्या खळबळीतूनच ध्वनिलहरी उठतात.

या लहरी बाहेर निसटत नाहीत. पृष्ठभागाशी घनता एकदम घटते, तिथून त्या आत परततात. खाली जावं तसं तापमान वाढतं, ध्वनीचा वेगही वाढतो, त्यामुळे लहर वळत वळत पुन्हा वर येते. तोकडी लहर वरच्या वरच वळते, लांब लहर खोलवर जाऊन येते. म्हणजे प्रत्येक सूर वेगवेगळ्या खोलीची बातमी आणतो.

ऐकू मात्र काहीच येत नाही. मधे पोकळी आहे, आणि एकेक कंप साधारण 5 मिनिटांचा! म्हणून हे सूर बघावे लागतात. पृष्ठभाग आपल्याकडे आला की प्रकाशाच्या वर्णरेषा किंचित निळ्याकडे सरकतात, मागे गेला की तांबड्याकडे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे हेलकावे पहिल्यांदा दिसले.

आता माझा आवडता भाग. सूर्य आतून किती वेगाने फिरतो, हे यावरून कसं कळतं?

प्रवाहाबरोबर पोहणारा काठावरून बघणाऱ्याला वेगवान दिसतो आणि उलटा पोहणारा संथ. तसंच इथे. सूर्याच्या फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या लहरीचा सूर आपल्याला जरा चढा मिळतो, उलट जाणारीचा जरा उतरलेला. एका सुराचे दोन होतात. पण त्यांच्यातलं अंतर? एका हर्ट्झचा जेमतेम दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोहर्ट्झ.

तंबोरा जुळवणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, आणि जितक्या जास्त जुळलेल्या तितकी ती लाट संथ. सूर्याच्या या दोन सुरांची अशी एक लाट पुरी व्हायला साधारण 13 दिवस लागतात. तेवढा वेळ, खरं तर त्याच्या कितीतरी पट, न थांबता बघत राहायला हवं.

आणि रोज संध्याकाळी सूर्य मावळतो!

याने नुसती माहिती बुडते असं नाही, खोटी माहिती तयार होते. दर 24 तासांनी खंड पडला की प्रत्येक खऱ्या सुराच्या दोन्ही बाजूंना 11.6 मायक्रोहर्ट्झवर एकेक नकली सूर उभा राहतो. वाईट म्हणजे काही खरे शेजारी सूर 9-10 मायक्रोहर्ट्झवरच असतात. खरा कोण, नकली कोण, ओळखा!

उपाय? मावळतीच टाळायची. फ्रान्सचे ग्रेक आणि फोसा, सोबत अमेरिकेचे पोमरान्त्झ, 1979-80च्या तिथल्या उन्हाळ्यात थेट दक्षिण ध्रुवावर गेले आणि सलग 5 दिवस सूर्य बघितला. सूर सुटे दिसले. पण 5 दिवस किती पुरणार? म्हणून 1995मध्ये ‘गाँग’ नावाचं जाळं सुरू झालं. कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, उदयपूर, कॅनरी बेटं आणि चिली, अशी सहा केंद्रं. एकीकडे सूर्य मावळतो तेव्हा दुसरीकडे वर असतो. उदयपूरवर पावसाळी ढग आले तर शेजारची केंद्रं जमेल तेवढं सांभाळून घेतात. त्याच वर्षी सूर्यावर नजर ठेवणारं सोहो यान अवकाशात निघालं, त्याला तर रात्रच नाही.

मिळालं काय? सूर्याचं विषुववृत्त सुमारे 25 दिवसांत फिरतं आणि ध्रुवांजवळचा भाग साधारण 35, हे पृष्ठभागावरून माहीत होतं. अनेक मॉडेल्स म्हणत होती की आत वेगाची रचना एकात एक नळकांडी बसवल्यासारखी असेल. तसं निघालं नाही. हा फरक बाहेरच्या साधारण 30 टक्के खोलीपर्यंत बऱ्यापैकी तसाच टिकतो आणि मग एका पातळ थरात संपतो. त्याच्या खालचा भाग घट्ट गोळ्यासारखा जवळपास एकाच वेगाने फिरतो. या थराला टॅकोक्लाइन म्हणतात. सूर्याचं चुंबकत्व इथेच घडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाद अजून चालू आहे.

अगदी गाभ्याचं मात्र अवघड आहे. तिथपर्यंत मोजक्याच लहरी पोचतात आणि तिथे ध्वनीचा वेग इतका की त्या क्षणात पार होतात, फारशी खूण घेऊन येत नाहीत. 2017मध्ये फोसा यांनी, हो, तेच दक्षिण ध्रुवावरचे, सोहोच्या 16 वर्षांच्या नोंदींवरून म्हटलं की गाभा त्याच्या भोवतीच्या भागाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. दुसऱ्यांनी त्याच नोंदी घेतल्या, मोजणीची सुरुवातीची वेळ थोडी इकडेतिकडे केली, आणि तो सूर गायब झाला.