पैसा कधी येणार ते ठाऊक नसताना: फ्रीलान्सरचा अग्रिम कर

नमस्कार श्रोतेहो.

जून महिना लागला की करसल्ला देणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोन वाजू लागतात. फोन करणारे बरेच जण स्वतंत्रपणे काम करणारे असतात. कुणी चित्रं काढतं, कुणी अनुवाद करतं, कुणी संगणकावर डिझाइनची कामं घेतं. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: ‘एप्रिलपासून हातात जेमतेम काही आलंय, मग अग्रिम कर कशावर भरायचा?’ प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक समजूत दडलेली आहे आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. आपण धरून चालतो की आत्तापर्यंत जे मिळालं त्यावर हप्ता भरायचा. कायदा मात्र हप्ता मागतो तो वर्षाच्या, म्हणजे येत्या 31 मार्चपर्यंतच्या, संपूर्ण अंदाजित उत्पन्नावरच्या करातून.

आधी नियमाचा सांगाडा. वर्षभराचा अंदाजित कर काढायचा, त्यातून टीडीएस, म्हणजे ग्राहकांनी बिलातून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, वजा करायचा. उरलेली रक्कम 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर अग्रिम कर लागू होतो. मग 15 जूनपर्यंत त्या रकमेचे 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45 टक्के, 15 डिसेंबरपर्यंत 75 टक्के आणि 15 मार्चपर्यंत सगळी रक्कम भरलेली असायला हवी. हे आकडे एकूण बेरजेचे आहेत. सप्टेंबरात आणखी 45 टक्के भरायचे नसतात. जूनचे धरून एकूण 45 टक्के झाले म्हणजे झालं. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण या चार तारखा आणि हे टक्के तसेच राहिले आहेत.

डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट अशा काही ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची सोय आहे. ती घेतली की चार हप्त्यांची कटकट उरत नाही, 15 मार्चपर्यंत एकदाच सगळा कर भरायचा. तुमचा व्यवसाय त्या यादीत बसतो का, ते आधी तपासून घ्या. पुस्तकांसाठी चित्रं काढणं किंवा अनुवाद करणं त्या यादीत नावानिशी नाही. यापुढचं बोलणं प्रत्यक्ष जमाखर्च मांडून कर भरणाऱ्यांसाठी आहे.

आता अंदाज बांधायचा कसा? माझी पद्धत साधी आहे. एका कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात हाती आलेले पैसे. दुसऱ्यात बिल दिलेली किंवा लेखी ठरलेली कामं, पण त्यांतली फक्त 31 मार्चच्या आत पैसे येतील अशीच. तिसऱ्यात ‘बोलणं चाललंय’ अशी कामं. कर काढताना पहिले दोन रकाने धरायचे, तिसरा सोडून द्यायचा. बिलात जीएसटी लावला असेल तर तो आपला नसतो, जमेत धरू नका. मग कामासाठी होणारा वर्षाचा खर्च वजा करायचा. राहिलं ते अंदाजित उत्पन्न.

दुसऱ्या रकान्यातली तारीख नीट पाहायला हवी. पैसे आले की जमा धरायचे, अशी म्हणजे रोखीच्या पद्धतीची वही ठेवत असाल आणि ग्राहक बिलानंतर 90 दिवसांनी पैसे देणारा असेल, तर जानेवारीअखेरीस दिलेलं बिल पुढच्या वर्षात जातं. गंमत अशी की ग्राहक कंपनी मात्र मार्चमध्येच खर्च दाखवून टीडीएस कापून टाकते. मग तुमच्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करजमेच्या उताऱ्यात, टीडीएस दिसतो, पण उत्पन्न पुढच्या वर्षीचं असतं. असा टीडीएस यंदाच्या करातून वजा करू नका. ज्या वर्षी ते उत्पन्न धराल, त्याच वर्षी त्याचं श्रेय मिळतं.

टीडीएसबद्दल आणखी एक. व्यावसायिक सेवेच्या बिलावर साधारण दहा टक्के टीडीएस कापला जातो. पण एखाद्या ग्राहकाने तो कापायला हवा होता आणि कापलाच नाही, तर ‘त्याने कापायला हवा होता’ म्हणून तुम्हाला ती रक्कम अग्रिम करातून वगळता येत नाही. परदेशी ग्राहक तर सहसा कापतच नाही. तिथला कर पूर्णपणे तुमच्या खिशातून जायचा असतो, आणि अंदाज चुकतो तो बहुतेक याच कामांवर.

आता एक उदाहरण घेऊ. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी एक चित्रकार आहे. वर्ष 2025-26, नवी कररचना. जूनमध्ये ती तीन रकाने भरते. पहिल्या दोहोंची बेरीज येते 14 लाख, खर्च 3 लाख, म्हणजे उत्पन्न 11 लाख. नव्या रचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे करच लागत नाही. ती जूनमध्ये काही भरत नाही, सप्टेंबरातही नाही. त्या दिवशीच्या माहितीवर तिचा हिशोब बरोबर आहे.

ऑक्टोबरात तिसऱ्या रकान्यातलं एक काम पक्कं होतं. एका परदेशी प्रकाशकाकडून 4 लाख रुपये, नोव्हेंबरात मिळतात, त्यावर टीडीएस नाही. आता उत्पन्न 15 लाख. कर असा निघतो: चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर 20,000, आठ ते बारावर 40,000, बारा ते पंधरावर 45,000. एकूण 1,05,000, वर चार टक्के उपकर, म्हणजे 1,09,200. देशातल्या प्रकाशकांनी वर्षभरात मिळून 40,000 रुपये टीडीएस कापलेला असेल, तो वजा केला की उरतात 69,200.

काम वाढलं चार लाखांनी आणि कर शून्यावरून लाखावर गेला, कारण 12 लाखांची सीमा ओलांडली गेली. उत्पन्न त्या सीमेच्या आसपास असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. 12 लाखांच्या थोडं वर, साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत, सीमेच्या वरची सगळी कमाई करात जाते; कर तिच्यापेक्षा जास्त लागत नाही, उपकर मात्र त्यावर वेगळा लागतो. त्यापुढे नेहमीचे दर सुरू होतात.

डिसेंबरात ती काय करते? 69,200 चे 75 टक्के म्हणजे 51,900 रुपये 15 तारखेच्या आत भरते. जून-सप्टेंबरची कसर या एकाच हप्त्यात भरून निघते. उरलेले 17,300 मार्चमध्ये.

पण मागच्या दोन तारखांचं काय? इथे कायदा कडक आहे. व्याज मोजताना तो तुमचा जूनमधला अंदाज पाहत नाही, विवरणपत्रातला अंतिम कर पाहतो. जूनमध्ये 69,200 चे 15 टक्के, म्हणजे 10,380 भरायला हवे होते, असंच धरलं जातं, मग ते काम तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसो. भांडवली नफा किंवा लाभांश अचानक आला, किंवा व्यवसायाचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालं, तर उरलेल्या हप्त्यांत कर भरला की हे व्याज माफ होतं. चालू व्यवसायात अचानक आलेल्या कामाला मात्र ही सूट नाही. अनियमित उत्पन्नाच्या माणसावर हा अन्यायच आहे, असं मला मनापासून वाटतं. पण नियम आज असा आहे, आणि तो धरूनच चालावं लागतं.

आता हा अन्याय रुपयांत केवढा, ते पाहू. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या प्रत्येक तुटीवर महिना एक टक्का, तीन महिन्यांचं सरळव्याज. शंभराखालची रक्कम सोडून द्यायची असते. जूनच्या 10,300 वर 309 रुपये, सप्टेंबरच्या 31,100 वर 933. दोन्ही मिळून 1,242 रुपये. चार लाखांचं काम अनपेक्षितपणे मिळाल्याची एवढी किंमत सोसण्यासारखी आहे. म्हणूनच मी सांगते, धास्तीपोटी तिसरा रकाना जूनमध्येच धरू नका. ते काम आलं नाही तर तुमचे पैसे विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतात. त्यावर सरकार देतं महिना अर्धा टक्का, आणि तेही जास्त भरलेली रक्कम ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल तरच.

जून-सप्टेंबरला कायदा थोडी मुभाही देतो. 15 ऐवजी 12 टक्के आणि 45 ऐवजी 36 टक्के भरलेले असतील, तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. डिसेंबर-मार्चला अशी मुभा नाही.

खरं महाग पडतं ते मार्चनंतरही गप्प बसणं. याच चित्रकाराने काहीच न भरता थेट जुलैमध्ये विवरणपत्राबरोबर सगळा कर भरला असता, तर हप्त्यांचं व्याज 3,491 रुपये झालं असतं. शिवाय अग्रिम कर नव्वद टक्क्यांहून कमी पडला म्हणून एप्रिलपासून महिना एक टक्का वेगळं, जुलैपर्यंत 2,768. एकूण 6,259. दुसरं व्याज ती कर भरेपर्यंत दर महिन्याला वाढतच राहिलं असतं.

तेव्हा दर हप्त्याच्या आठवडाभर आधी तो तीन रकान्यांचा कागद नव्याने लिहा. जुन्या आकड्यावर खाडाखोड नको, पुन्हा पहिल्यापासून. कारण मधल्या तीन महिन्यांत दुसऱ्या रकान्यातलं एखादं बिल लांबलेलं असतं, तिसऱ्यातलं काही पक्कं झालेलं असतं, आणि एखादा नवा लॅपटॉप खर्चात आलेला असतो. त्याची सगळी किंमत त्याच वर्षी वजा होत नाही, घसारा तेवढाच धरायचा. हा अंदाज कुणाला कळवावा लागत नाही. चलन भरलं की झालं. ते आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समधून भरायचं. वर्ष निवडताना आणि प्रकारात ‘अ‍ॅडव्हान्स टॅक्स’ निवडताना घाई करू नका. ‘सेल्फ असेसमेंट’ निवडलं गेलं तर पैसे सरकारजमा होतात, पण अग्रिम कर म्हणून मोजले जात नाहीत आणि व्याजाची नोटीस येते.

शेवटी मार्चबद्दल. 15 तारीख गेली आणि 28 मार्चला एखाद्या जुन्या बिलाचे पैसे खात्यात आले, तर ‘आता उशीर झाला’ म्हणून एप्रिलची वाट पाहू नका. 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कमही अग्रिम करच मानली जाते. त्यामुळे 15 मार्चच्या तुटीवर एका महिन्याचा एक टक्का आणि आधीच्या हप्त्यांचं थोडं व्याज लागेल, पण एप्रिलपासून महिन्यामागे महिना चढणारं ते दुसरं व्याज टळेल. पैसे आले त्याच दिवशी कागद काढा, नवा कर मोजा आणि चलन भरा.

नमस्कार.