व्हिक्सबर्गचा कालवा

श्रोतेहो, नमस्कार. चहा होत असेल तर एक गंमत करून बघा. थोडा चहा न गाळता काचेच्या ग्लासात ओता, चमच्यानं जोरात गोल फिरवा आणि चमचा काढून घ्या. पत्ती कडेला फेकली जाईल असं वाटतं, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. टी-बॅगवाल्यांना ही मजा नाही, आणि त्यांच्या त्या पेयाला चहा म्हणायला मी तरी तयार नाही. असो.

या पत्तीचा आणि नदीच्या वळणांचा संबंध १९२६ साली खुद्द आइन्स्टाइननं उलगडून सांगितला होता. वरचं पाणी जोरात फिरतं आणि कडेला रेटलं जातं. तळाचं पाणी भांड्याला घासून मंदावतं, आत सरकतं आणि पत्तीलाही ओढून आणतं. नदीच्या वळणावरही तेच होतं. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळून त्याला पोखरतं, तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे येतं. म्हणून बाहेर डोह आणि कोसळती दरड, आत वाळूचा पट्टा. पुन्हा सांगतो: नदी बाहेर खाते, आत टाकते. सपाटीवर उतार कमी, तेव्हा तळ कापण्यापेक्षा ती काठच कापत बसते आणि वळण दरवर्षी फुगत जातं. हीच ती नागमोडी वळणं.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी व्हिक्सबर्ग नावाचं शहर आहे. १८६२ साली तिथे यादवी युद्ध पेटलेलं. शहरासमोर नदीनं भलामोठा वळसा घेतलेला आणि त्या वळशावर, उंच कड्यावर, दक्षिणेच्या तोफा. उत्तरेच्या जहाजांना त्यांच्या तोंडासमोरूनच जावं लागे. मग सेनापतींनी ठरवलं, वळशाच्या आतली जमिनीची जीभच आडवी कापायची. नदी नव्या वाटेनं गेली की व्हिक्सबर्ग बाजूला पडेल.

उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं. सैनिक होते, आजूबाजूच्या मळ्यांवरून आणलेले हजारभर गुलाम होते. उकाडा, हिवताप, माणसं पटापट आजारी पडली. त्यात नदीचं पाणी उतरलं. काम सोडलं. १८६३च्या जानेवारीत जनरल ग्रँटनं ते पुन्हा हाती घेतलं. मार्चमध्ये पाणी चढलं, वरच्या तोंडाचा बांध फुटला आणि छावणीतच पाणी शिरलं. कालवा फसला, कारण त्याचं तोंड चुकीच्या जागी होतं. मुख्य धार तिथे लागतच नव्हती, पाणी नुसतं भोवऱ्यात घुटमळत होतं. घुटमळणारं पाणी माती कापत नाही, गाळ टाकतं. जुलैत शहर पडलं, पण वेढा घालून. कालव्याचा त्यात काही हात नव्हता.

आणि मग? २६ एप्रिल १८७६ रोजी नदीनं ती जीभ स्वतःच कापली! सैन्याच्या खड्ड्यातून नव्हे, आपण निवडलेल्या जागेतून. कारण साधं आहे. वळसा लांब, त्या जिभेची मान अरुंद. दोन्ही वाटांनी पाणी तितकंच खाली उतरतं, पण मानेतून अंतर थोडं, म्हणून उतार जास्त आणि धार जोरकस. पुराचं पाणी एकदा मानेवरून वाहायला लागलं की वाट रुंदावते, आणि जुन्या वळशाची दोन्ही तोंडं हळूहळू गाळानं बुजतात. मागे उरतं ते घोड्याच्या नालेसारखं तळं. पाठ्यपुस्तकात त्याला नालाकृती सरोवर म्हणतात, पण 'नाल' म्हणताना घोड्याची नाल दाखवली नाही, तर मुलं गटाराचा नाला समजतात. मास्तरांनी मनावर घ्यावं.

बंदराचं शहर नदीविना राहिलं. शेवटी १९०३ साली याझू नदीचं पाणी कालव्यानं वळवून शहराच्या धक्क्यापर्यंत आणलं. आणि राज्याची हद्द? मिसिसिपी आणि लुइझियाना या दोन राज्यांमधली हद्द म्हणजे ही नदीच. नदी अशी अचानक उडी मारून गेली, तर हद्द तिच्या मागे जात नाही. म्हणून आज नदीच्या पूर्वेला, मिसिसिपी राज्याच्या बाजूला, लुइझियानाचा एक तुकडा पडून आहे. नकाशात हद्दीची रेघ मधेच उगाच गोल फिरलेली दिसली, तर तिथून पूर्वी नदी जात होती का, ते बघावं.

वेळ संपत आली, पूरतटाबद्दल थोडक्यात. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मोडतो. जड वाळू तिथेच, काठालगत, खाली बसते. बारीक गाळ लांब जाऊन पूरमैदानात पसरतो. पुरामागून पूर आले की काठ उंच होतो आणि मागची जमीन सखल राहते. हेच पूरतट. लक्षात घ्या, नदीलगतची जमीन उंच, लांबची खोलगट. मिसिसिपीच्याच काठच्या न्यू ऑर्लिन्स शहराची जुनी वस्ती अशाच उंच काठावर आहे. २००५ साली कतरिना वादळात बांध फुटून शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा नदीला खेटून असलेले जुने वाडे बरेचसे कोरडे होते, आणि नदीपासून लांब, सखलात बांधलेल्या नव्या वस्त्यांतले लोक छपरावर चढून बसले होते.