खिडकी बंद करायचा शॉट

[दृश्य: कामाठीपुरा, दुपारची वेळ. लाकडी खिडक्या, दांडीवर वाळत घातलेले कपडे, खाली हातगाडीवाला.]

ह्या खिडक्या नीट बघा. माणसं मुद्दामच शूट केली नाहीत, बायकांचे चेहरे विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत असं आमचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला खिडक्याच दिसणार आहेत. आणि आपला विषय पण खिडकीचाच आहे. मुंबईतल्या अशाच एका खिडकीवरून, म्हणजे एक बाई खिडकी लावून घेते एवढ्याशा शॉटवरून, आपल्या देशातली सेन्सॉरची सगळ्यात मोठी केस सुप्रीम कोर्टात गेली होती.

साल 1968. ख्वाजा अहमद अब्बास. राज कपूरचा 'आवारा' लिहिणारे, ब्लिट्झ साप्ताहिकात वर्षानुवर्षं शेवटचं पान लिहिणारे तेच अब्बास. त्यांनी एक छोटी ब्लॅक अँड व्हाइट डॉक्युमेंटरी केली, 'चार शहर एक कहानी', कोर्टाच्या कागदांवर तिचं इंग्रजी नाव आहे, 'अ टेल ऑफ फोर सिटीज'. चार शहरं म्हणजे कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली. एकीकडे श्रीमंतांचा थाट आणि दुसरीकडे ज्यांच्या हातांनी ती शहरं उभी राहिली त्यांची दैना, असा सरळ विरोध दाखवलेला. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीचा एक तुकडा होता. दारात, खिडकीत गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या असलेल्या बायका, काहींचे गुडघे उघडे. पुढे खिडकी बंद होते, पैशाची नोट हातात येते. बस. आत काय झालं ते कॅमेरा दाखवत नाही.

[दृश्य: पेडर रोड, फिल्म्स डिव्हिजनचं आवार, बोर्डाच्या ऑफिसची पाटी.]

ही आजची पाटी, तेव्हा सेन्सॉर बोर्ड इथे नव्हतं, पण फिल्म तपासायची पद्धत तीच. फिल्म आधी तपासणी समितीकडे जाते, निर्णय पटला नाही तर पुनर्परीक्षण समितीकडे. अब्बासनी मागितलं होतं यू, म्हणजे लहानथोर सगळ्यांनी बघावी असं सर्टिफिकेट. 1969 संपता संपता बोर्डाचं उत्तर आलं की ही फक्त प्रौढांसाठी, ए.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण अख्खं भांडण त्याच्यावर उभं आहे. त्या काळी मधलं काही नव्हतंच. यूए हा प्रकार कायद्यात आला 1983 ला. म्हणजे फिल्म एकतर सगळ्यांची, नाहीतर अठराच्या पुढच्यांची, बारा वर्षाच्या मुलाने आईबापाबरोबर बसून बघावी अशी सोयच नव्हती. आणि छोट्या डॉक्युमेंटरीला ए मिळणं म्हणजे काय? तिचा स्वतंत्र शो कोण लावणार? ती मोठ्या सिनेमाच्या आधी लागायची, आणि यू सिनेमाच्या शोला पोरंबाळं बसलेली असताना ए डॉक्युमेंटरी लावता येत नाही. म्हणजे बंदी नाही, कुणी फिल्म जप्त केली नाही, पण लागणार कुठे हा प्रश्न.

अब्बास गेले केंद्र सरकारकडे अपिलात. सरकारचं उत्तर आलं 3 जुलै 1970 ला. यू देतो, पण कापा. आणि काय कापायचं ते अगदी नेमकं लिहिलेलं. रेड लाइट भागातल्या बाईचा सीन छोटा करा, आणि विशेषतः ती खिडकी बंद करते तो शॉट, उघड्या गुडघ्यांचे सूचक शॉट, आणि नोट हातात पडते तो शॉट, हे काढा.

[दृश्य: एडिटिंगचं जुनं टेबल. 35 एमएमची रिळं, स्प्लायसर, पांढरे हातमोजे. क्लोजअप.]

हे तीन शॉट काढले तर काय उरतं, ते आपण इथे बघू. मूळ फिल्म आपल्याकडे नाही, हक्काचा प्रश्न आहे, म्हणून हे काका भंगारात मिळालेल्या एका जाहिरातीच्या रिळावर करून दाखवतायत. 35 एमएममध्ये एका फुटात सोळा फ्रेम, मिनिटाला नव्वद फूट. तीन सेकंदाचा शॉट म्हणजे साडेचार फूट, हातभर लांबीच्या दोनतीन पट्ट्या. प्रिंट स्प्लायसरवर ठेवायची, बाजूची भोकं खिळ्यांत बसवायची, पातं दाबायचं, दोन्ही टोकं जोडून वर पारदर्शक टेप. झालं. बोर्डाच्या नियमाप्रमाणे कापलेला तुकडा बोर्डाकडे जमा करायचा, घरी न्यायचा नाही.

पण आवाज ऐका. परत एकदा ऐका. चित्र इथे उडालं, बरोबर? आणि गाणं जरा नंतर उडालं. त्याचं कारण असं की प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज वाचणारा दिवा त्याच्या खाली असतो, त्यामुळे आवाजाची पट्टी फिल्मवर साधारण वीस फ्रेम पुढे छापलेली असते. तयार प्रिंटमधून तुकडा काढला की चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी तुटत नाहीत, पाऊण सेकंदाहून थोडं जास्त अंतर पडतं, आणि काढलेल्या सीनचा सुरुवातीचा आवाज पुढच्या चित्रावर तसाच राहतो. जुन्या प्रिंटमध्ये हीरो बोलता बोलता एकदम दुसऱ्या खोलीत आणि वाक्याचं शेपूट मात्र नंतर तुटलेलं, असं बघितलं असेल तर बऱ्याचदा ती कात्री असते. बऱ्याचदा म्हणतोय, कारण प्रिंट नुसती फाटली आणि ऑपरेटरने जोडली तरी हेच होतं. खात्री करायची असेल तर सर्टिफिकेट बघायचं.

[दृश्य: पडद्यावर जुनं सर्टिफिकेट, खालचा डावा कोपरा झूम.]

हा त्रिकोण दिसला? डावीकडे, खाली. वर्षानुवर्षं आपण हे सर्टिफिकेट बघत आलो, रिळांची संख्या आणि बोर्डाच्या सह्या वाचून सोडून दिलं. त्रिकोण असला म्हणजे ह्या फिल्मला कट आहेत, आणि ते कट कोणते त्याची यादी सर्टिफिकेटच्या दुसऱ्या भागात. तो दुसरा भाग पडद्यावर येतच नाही.

तर अब्बासचे तीन शॉट. गुडघे काढा, ठीक आहे, मी म्हणेन त्याने फार बिघडत नाही, त्यावर वाद घालता येईल. पण नोट काढली तर? नोट म्हणजेच तर तो सीन आहे. ही बाई इथे का उभी आहे, तिच्या पलीकडे त्या थाटामाटाच्या शहराचा पैसा कसा फिरतोय, हे सांगणारा तो एकच शॉट. तो गेला की उरतात नुसत्या दारात उभ्या असलेल्या बायका, म्हणजे बघायला शरीर आहे आणि समजायला काही नाही. मुलांना जपायचं म्हणून जे कापायला सांगितलं त्याने सीन जास्त सभ्य झाला असता असं मला तरी वाटत नाही.

[दृश्य: सुप्रीम कोर्टाच्या निकालाची छापील पानं, बोट ओळींवरून फिरतंय.]

अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. पाच न्यायमूर्ती, सरन्यायाधीश हिदायतुल्ला. आणि इथे गंमत झाली. सुनावणी चालू असताना सरकारच म्हणालं, बरं, एकही कट नको, घ्या तुमचं यू. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासनी याचिका दुरुस्त करून घेतली आणि म्हणाले, माझ्या फिल्मचं सोडा, मुळात आधी दाखवून परवानगी घ्यायची ही पद्धतच घटनेत बसते का ते सांगा. वर्तमानपत्राला छापायच्या आधी दाखवावं लागत नाही, पुस्तकाला नाही, मग सिनेमालाच का?

निकाल 24 सप्टेंबर 1970 चा. कोर्ट म्हणालं, बसते. चालतंबोलतं चित्र माणसाच्या भावनांना इतर कुठल्याही कलेपेक्षा जास्त हलवतं, आणि मुलांवर तर त्याचा परिणाम फारच, म्हणून सिनेमा वेगळा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, अंधारात बसलेलं आठ वर्षाचं पोर पडद्यावरची मारहाण आणि खरी मारहाण वेगळी करत नाही हे घरात मूल असलेला कुणीही सांगेल. पण त्यावर उपाय वयाचा शिक्का आहे की कात्री आहे, हा प्रश्न राहिलाच. त्याच निकालात असंही आहे की लैंगिक विषय आला म्हणजे अश्लीलच असं नव्हे. आणि दोन त्रुटी कोर्टाने दाखवल्या, बोर्डाने किती दिवसात निर्णय द्यावा त्याला मुदत हवी, आणि अपील सरकारी मंत्रालयाकडे नको, कोर्टाकडे किंवा स्वतंत्र ट्रिब्युनलकडे हवं. सरकारने ते मान्य केलं.

म्हणजे अब्बासच्या हट्टातून पुढे एक ट्रिब्युनल निघालं, फिल्म सर्टिफिकेशन अपेलेट ट्रिब्युनल. कायदा 1981 चा, अंमल 1983 पासून. दिल्लीत बसायचं, पण निर्मात्याला हायकोर्टाच्या मानाने स्वस्त आणि सोपं. फिल्म बघायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, निकाल.

आणि ते चालायचं कसं त्याचा एक नमुना. 'बँडिट क्वीन'ला बोर्डाने कट सांगितले, ट्रिब्युनलने ए देऊन सोडली. तेव्हा अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती लेंटिन, आणि सदस्यांत तीन महिला. दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं, आणि 1996 ला सुप्रीम कोर्टाने ट्रिब्युनलचाच निर्णय परत उभा केला, आणि ट्रिब्युनलमध्ये महिला होत्या हेही लिहून ठेवलं. नंतर 2017 मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला बोर्डाने सर्टिफिकेटच नाकारलं, जानेवारीत नकार, एप्रिलमध्ये ट्रिब्युनल म्हणालं ए द्या.

[दृश्य: मुंबई हायकोर्ट, ओव्हलच्या बाजूने. पावसाळी ढग.]

ही इमारत सुंदर दिसते म्हणून दोन तास शूट केली, पण इथे यायला वकील लागतो. 'उडता पंजाब'वाले 2016 मध्ये थेट इथे आले, रिलीज तोंडावर होतं. 13 जूनला हायकोर्टाने एक कट ठेवला, लघवी करतानाचा, बाकीचे काढून टाकले. त्यांच्यामागे मोठे निर्माते होते. कोल्हापुरात किंवा पणजीत बसून पहिली फिल्म करणाऱ्याने काय करायचं?

कारण एप्रिल 2021 मध्ये एका वटहुकुमाने ते ट्रिब्युनल बंद केलं, बाकी काही ट्रिब्युनलांसोबत, एका यादीत. आता पुनर्परीक्षण समितीच्या पुढे सरळ हायकोर्ट. लोक काय करतात? तारीख गाठायची असते, थिएटर बुक असतात, व्याज चालू असतं, कापतात आणि मोकळे होतात.

[दृश्य: मल्टिप्लेक्सचं तिकीट काउंटर, स्क्रीनवर यूए 16+.]

2023 च्या दुरुस्तीने यूएचे तीन तुकडे केले, 7, 13 आणि 16. चांगलं केलं, अगदी मनापासून, 1970 ला हे असतं तर अब्बासच्या फिल्मला 13 किंवा 16 चा शिक्का लावून विषय संपला असता, पालकांनी ठरवलं असतं. दहा वर्षांची मुदत होती ती जाऊन सर्टिफिकेट कायमचं झालं. पण बोर्डाची कट सांगायची ताकद होती तशीच आहे, आणि ट्रिब्युनल काही त्या दुरुस्तीत परत आलं नाही.