चहातली साखर, थंड पेयं आणि ग्लासातली दारू: पिण्यातल्या कॅलरींचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार. वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते, मग पोळ्यांची संख्या मोजली जाते. पण दिवसभरात जे पिऊन होतं त्याचा हिशोब सहसा कुणी धरत नाही. आज तोच करू. जवळ कागद-पेन्सिल असेल तर उत्तम, नसेल तर एवढे दोनच आकडे लक्षात ठेवा: एक ग्रॅम साखर म्हणजे 4 कॅलरी आणि एक ग्रॅम मद्यार्क म्हणजे 7 कॅलरी. पाकिटावर ज्याला किलोकॅलरी म्हणतात, त्यालाच आपण बोलताना कॅलरी म्हणतो.

सुरुवात चहापासून. 'मी दोनच चमचे साखर घेतो' असं सांगणाऱ्या माणसाचा चमचा आधी बघावा लागतो. चहाचा चमचा सपाट भरला, वरची साखर सुरीने सारखी केली, तर त्यात साधारण 4 ग्रॅम साखर मावते. डब्यातून आपण नेहमी काढतो तसा शिगोशीग भरला तर 6 ग्रॅम, कधी 7 सुद्धा. म्हणजे सांगायला दोन चमचे, पण प्रत्यक्षात तीन.

एक उदाहरण सोडवून पाहू. नोकरी करणारा माणूस घरी दोन कप चहा घेतो, प्रत्येकात शिगेचे दोन चमचे. हे झाले 24 ग्रॅम. बाहेर टपरीवर तीन कटिंग. तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते आणि चहा चांगलाच गोड असतो, म्हणून एका कटिंगला 8 ग्रॅम धरू. हे आणखी 24. एकूण 48 ग्रॅम साखर, म्हणजे 192 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हे आकडे 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम होतात. आपल्या या माणसाने बिस्कीट, जॅम, शिरा यांना हात लावायच्या आधीच, नुसत्या चहावर, वरची मर्यादा जवळपास गाठली आहे.

आता त्याची साखर निम्मी करायची. इथे बहुतेक लोक जी पद्धत धरतात ती चार दिवसांत फसते: सोमवारपासून एकदम बिनसाखरेचा चहा. तो तोंडात घेववत नाही, आणि त्याचं कारण फक्त सवय नाही. आपला चहा भरपूर पत्ती घालून दहा-दहा मिनिटं उकळलेला असतो. त्यातला कडूपणा आणि तुरटपणा साखरेने झाकलेला असतो. साखर काढली की तो उघडा पडतो. म्हणून आधी चहा करण्याची रीत बदलायची. पाणी, आलं, गवती चहा उकळून घ्या, पत्ती शेवटी टाका, दोन-तीन मिनिटांत उतरवा आणि लगेच गाळा. उरलेला चहा पत्तीसकट पुन्हा उकळू नका. वेलची थोडी जास्त घातली तर चहा आहे त्यापेक्षा गोड वाटतो.

साखर टप्प्याटप्प्याने कमी करा. चार कपांच्या पातेल्यात शिगेचे आठ चमचे पडत असतील तर दर आठवड्याला एक चमचा कमी करत जा. चौथ्या आठवड्यात चार चमचे होतात. मग तेच चार चमचे शिगेचे न भरता सपाट भरा. आता प्रत्येक कपात 4 ग्रॅम साखर आहे, पूर्वी 12 होती. घरातल्या कुणाला हे नकोच असेल तर साखर पातेल्यात टाकूच नका, कपात वेगळी द्या. नाहीतर एकाच्या आवडीची साखर सगळ्यांच्या पोटात जाते.

आपल्या नोकरदाराने घरी असा चहा घेतला आणि टपरीवर तीनऐवजी दोनच कटिंग घेतले, तर 48 ग्रॅमचे 24 होतात. रोजच्या 96 कॅलरी वाचल्या. कागदावर वर्षाचा गुणाकार केला तर साडेचार किलो चरबी निघते. त्यावर विश्वास ठेवू नका. वजन उतरायला लागलं की शरीराची गरजही उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून बराच कमी पडतो. पण पडतो.

घरात नक्की किती साखर जाते हे कळायला वजनकाटा लागत नाही. चहासाठी वेगळा डबा ठेवा, त्यात अर्धा किलो साखर भरा आणि झाकणावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो पाच दिवसांत संपला, तर माणशी रोज 25 ग्रॅम साखर फक्त चहातून गेली. पाहुणे आले-गेले ते वेगळे, पण अंदाज पक्का मिळतो.

गुळाच्या चहाबद्दल हमखास विचारलं जातं. दहा ग्रॅम साखरेच्या 40 कॅलरी, दहा ग्रॅम गुळाच्या सुमारे 38. गुळाची चव आवडत असेल तर जरूर घाला, पण वजनासाठी घालू नका. साखरेइतका गोड लागावा म्हणून तो उलट जास्तच पडतो. तपकिरी साखरेचंही तेच. साखरेऐवजी गोळ्या किंवा थेंब वापरले तर त्या कपातल्या कॅलरी खरोखर जातात. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. जिभेची गोडाची सवय तशीच राहते, हीही अडचण आहेच. आणि साखर कमी केली म्हणून सोबत दोन ग्लुकोजची बिस्किटं घेतली, तर कपातून वाचवलेलं बशीतून परत येतं. एका छोट्या बिस्किटाच्या साधारण 20 कॅलरी असतात.

दुधाचा फरकही थोडक्यात. घरच्या कपात 60 मिलीलिटर म्हशीचं दाट दूध असेल तर त्याच्या सुमारे 60 कॅलरी होतात, तेवढ्याच टोन्ड दुधाच्या 35. पण दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम आहे, म्हणून आधी साखर कमी करा.

थंड पेयांकडे वळताना एक गोष्ट सांगायला हवी. पातळ पदार्थातून गेलेल्या कॅलरींनी भूक फारशी भागत नाही. दुपारी दोन पोळ्या जास्त झाल्या तर रात्री आपण आपोआप कमी जेवतो. कोल्ड्रिंक प्यायल्यावर जेवण तसं कमी होत नाही. त्या कॅलरी जेवणाच्या वर जमा होतात.

बाटलीवरचा तक्ता वाचताना मोठी फसगत होते. तिथे आकडा बहुधा 100 मिलीलिटरचा असतो. कोलामध्ये दर 100 मिलीलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. हे वाचून 'दहाच ग्रॅम' असं वाटतं, पण बाटली 600 मिलीलिटरची असते आणि ती एकटा माणूस संपवतो. म्हणजे 63 ग्रॅम साखर, 250 कॅलरी. आंब्याच्या चवीची पेयंही यात मागे नाहीत. उसाचा रस ताजा आणि नैसर्गिक खरा, पण आहे तो साखरेचंच पाणी. बर्फ न घातलेला मोठा ग्लास सव्वाशे-दीडशे कॅलरींचा होतो. महिन्यातून एकदा प्या, मजेत प्या. रोज उन्हातून येताना नको.

आपल्याकडे यावर फार चांगले पर्याय आहेत. ग्लासभर पातळ ताकाच्या चाळीसेक कॅलरी होतात, तेवढ्याच शहाळ्याच्या पाण्याच्या. कोकणात आणि गोव्यात कोकमाचे दोन प्रकार मिळतात आणि तिथे गोंधळ होतो. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. सरबताच्या एका ग्लासात त्यातून बरीच साखर येते. आगळ म्हणजे साखर न घातलेला, मीठ घातलेला रस. ग्लासभर गार पाण्यात एक-दोन चमचे आगळ आणि चिमूटभर जिरेपूड, एवढं पुरे. वरून मीठ घालू नका, रक्तदाब असेल तर आगळही बेतानेच वापरा. लिंबू सरबतात तीन चमचे साखर घालत असाल तर एक घाला आणि लिंबू थोडं कमी पिळा. आंबटपणा जास्त झाला की साखरही जास्त लागते.

आता दारू. बाटलीवर कॅलरी बहुधा छापलेल्या नसतात, पण मद्यार्काचा टक्का छापलेला असतो आणि तेवढा पुरतो. जितके मिलीलिटर प्यायलात त्याला टक्क्याने गुणा, शंभराने भागा आणि आलेल्या आकड्याला साडेपाचने गुणा. आपल्याकडची व्हिस्की, रम, व्होडका साधारण 42.8 टक्क्यांची असते. 60 मिलीलिटरच्या पेगमध्ये पावणेसव्वीस मिलीलिटर मद्यार्क येतो, म्हणजे सुमारे 140 कॅलरी. व्होडका रंगहीन म्हणून हलकी नसते. टक्का सारखा तर कॅलरी सारख्या. 650 मिलीलिटरच्या पाच टक्के बिअरच्या मद्यार्काच्या 180, वर माल्टच्या साठ-सत्तर. तीच बाटली आठ टक्क्यांची, म्हणजे स्ट्राँग असेल तर साडेतीनशे. 'दारू सोडली, आता फक्त बिअर' म्हणणाऱ्याने हा आकडा बघावा.

शनिवारची एक बैठक मोजू. रमची क्वार्टर, म्हणजे साठचे तीन पेग: 425 कॅलरी. प्रत्येक पेगात 150 मिलीलिटर कोला: 190. आणि शंभर ग्रॅम तळलेले शेंगदाणे आणि शेव: साडेपाचशे. जेवायच्या आधी साडेअकराशे झाले. शरीर मद्यार्क साठवून ठेवू शकत नाही, म्हणून तो आधी जाळला जातो आणि तोवर चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. चखण्यातलं तेल अशा वेळी जागेवर जमा होतं.

हीच बैठक बदलून पाहा. तीनऐवजी दोन पेग, कोलाऐवजी साधा सोडा किंवा पाणी आणि लिंबाची फोड, चखण्याला पन्नास ग्रॅम फुटाणे आणि एक काकडी. बेरीज पाचशेच्या आत राहते. पेग मापानेच ओता. घरी अंदाजाने ओतलेला पेग साठचा सहज ऐंशी होतो. सोडा मागताना टॉनिक वॉटर येणार नाही हे पाहा. ते कडवट लागतं म्हणून बिनसाखरेचं वाटतं, पण साध्या टॉनिकमध्ये कोलापेक्षा थोडीशीच कमी साखर असते. गोव्यात फेणीत लिंबाच्या चवीचं गोड पेय घालायची पद्धत आहे, तिथेही सोडा आणि खरं लिंबू चालतं.

कॅलरी वाचवायच्या म्हणून जेवण टाळून पिणं मात्र चुकीचं आहे. रिकाम्या पोटी मद्यार्क वेगाने रक्तात उतरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर धोका मोठा आहे. मद्यार्क हाताळताना यकृत रक्तात साखर सोडण्याचं काम कमी करतं, त्यामुळे रात्री झोपेत साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं घरच्यांना चढल्यासारखी वाटतात आणि ते माणसाला झोपू देतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच 108 ला फोन करा.